एक धुराडे, दोन बाह्यता: कार्बनला किंमत की प्रदूषणाला नियम?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून एकाच वेळी दोन वेगळी नुकसाने बाहेर पडतात. राखेचे जड कण भुसावळ तालुक्यातच खाली बसतात. कार्बन डायऑक्साइड मात्र जगाच्या हवेत मिसळून जातो, आणि तो दीपनगरचा की जर्मनीतल्या एखाद्या केंद्राचा, याने तापमानवाढीला काडीचा फरक पडत नाही. ‘कार्बनची किंमत चांगली की थेट नियमन’ हा प्रश्न एका ओळीत विचारला जातो, पण त्याला एकच उत्तर नाही. नुकसान कुठे पडते, आणि लावलेली किंमत नेमकी कोणाच्या खिशाला लागते, या दोन गोष्टींवर साधन ठरायला हवे, असे मला वाटते.

वीज केंद्राच्या हिशेबात कोळसा, पगार, पाणी, कर्जाचे व्याज हे सगळे येते. वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावावरून मे महिन्यात उडणारी धूळ, केळीच्या पानावर बसलेला थर, वाढलेला दम्याचा त्रास हे त्यात येत नाही. एका जादा युनिटमागे केंद्राला पडणारा सीमांत खासगी खर्च आणि साऱ्या समाजाला पडणारा सीमांत सामाजिक खर्च यांच्यातली ही फट म्हणजे नकारात्मक बाह्यता. अर्थतज्ज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये सुचवलेला उपाय सरळ होता: फटीएवढा कर लावा, म्हणजे उत्पादक स्वतःच्या फायद्याचा विचार करतानाच समाजाचाही करील. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये वेगळी बाजू मांडली. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसात मार्ग काढतात. पण इथे वाटाघाटीचाच खर्च अफाट आहे. विखुरलेले शेकडो शेतकरी एका सरकारी कंपनीसमोर बसणार कसे? कार्बनच्या बाबतीत तर नुकसान सोसणाऱ्यांपैकी बरेच जण अजून जन्मालाही आलेले नाहीत.

किंमतीचा खरा फायदा एका हिशेबातून दिसतो. समजा, जळगाव एमआयडीसीत दोन बॉयलर आहेत. पहिल्याला उत्सर्जन टनामागे ४०० रुपयांत कमी करता येते, दुसऱ्याला २,५०० रुपये लागतात. दोघांनी प्रत्येकी १०० टन कमी करावेत असा नियम केला, तर एकूण खर्च २ लाख ९० हजार. त्याऐवजी टनाला १,००० रुपये कर लावला, तर पहिला २०० टन कमी करील (तेवढी सोय त्याच्याकडे आहे असे धरू) आणि दुसरा मुकाट कर भरील. घट तेवढीच, खर्च फक्त ८० हजार. दुसऱ्याने भरलेला कर हा समाजाचा तोटा नव्हे. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला एवढेच. शिवाय कोणाला किती स्वस्त पडते हे अधिकाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरत नाही, आणि ते त्याला सहसा ठाऊक नसतेच.

आता हाच हिशेब राखेला लावून पाहा. पहिला बॉयलर माळरानावर आणि दुसरा वस्तीला खेटून असेल, तर एकूण घट तीच राहूनही वस्तीच्या वाट्याला जुनीच धूळ येते. कार्बनमध्ये ही अडचण नाही, कारण सगळे टन सारखे. म्हणून कार्बनसाठी किंमतीची बाजू जड, आणि शेजाऱ्याच्या छातीत जाणाऱ्या कणांसाठी ठरावीक मर्यादेची.

पण थेट नियमन म्हटले की हुकूम निघाला आणि काम झाले, असे आपल्याकडे होत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड, धूलिकण, पारा यांची मानके जाहीर झाली. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. केंद्रांचे गट पाडताना एक निकष होता दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराचे १० किलोमीटरचे अंतर. खानदेशात एवढे मोठे शहर एकही नाही. बाह्यता डोकी मोजून ठरवली की ग्रामीण जिल्ह्याची छाती स्वस्त पडते, हे अर्थशास्त्र म्हणून समजते. पण मान्य करायला जड जाते.

किंमतीच्या बाजूचेही ढोंग आहे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर आला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. एक टन भारतीय कोळसा जळून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तो टनाला अडीचशे-तीनशे रुपयांचा कार्बन करच झाला. पण वीज केंद्राला हा खर्च दरात वळता करता येत होता. संच चालवणाऱ्याच्या खिशाला झळ नव्हती. झळ बसत होती बिल भरणाऱ्याला. कुठला संच आधी चालवायचा हे स्वस्ताईच्या क्रमाने ठरते, तिथे मात्र किंमत काम करू शकते. जास्त कोळसा खाणारा जुना संच मागे पडतो आणि साक्रीची सौर वीज पुढे सरकते. पैशाचे म्हणाल, तर सुरुवातीला स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी असलेला हा उपकर २०१७ मध्ये जीएसटी भरपाईच्या खात्यात गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंदच झाला. पिगूच्या सिद्धांतात कर नुकसान सोसणाऱ्याला दिलाच पाहिजे असे नाही. तापीकाठच्या माणसाला हे पटवून द्यायला मात्र मी जाणार नाही.

माझ्या मांडणीला सगळ्यात मोठा छेद देते ते तापीच्याच खालच्या टोकाचे सुरत. तिथे २०१९ मध्ये कारखान्यांच्या धूलिकणांसाठी उत्सर्जन हक्कांचा बाजार सुरू झाला. एकूण मर्यादा ठरवून परवाने वाटायचे आणि खरेदी-विक्री होऊ द्यायची. बाजारात असलेल्या कारखान्यांचे उत्सर्जन बाहेर ठेवलेल्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे स्थानिक प्रदूषणालाही किंमत लावता येते! पण अटी पाहा. कारखाने एकाच दाट पट्ट्यात, त्यामुळे एकाची धूळ आणि दुसऱ्याची धूळ यांत फारसा फरक नाही. आणि प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र. मीटरशिवाय ना बाजार चालतो, ना नियम. खानदेशात दीपनगरचे मोठे धुराडे आणि भोवती विखुरलेल्या दाल मिल, चटईचे कारखाने. इथे खरेदी-विक्रीला समोरचा पक्षच कोण? अशा ठिकाणी धुराड्याला ठाम मर्यादा आणि ती मोजणारे, लोकांना रोज दिसणारे आकडे, हेच साधन उपयोगाचे.

राखेच्या नियमात मात्र किंमत आतून शिरलेली आहे. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार ठरलेल्या प्रमाणात न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाई आकारता येते. नियमाच्या पोटात दडलेला हा पिगूचा करच, आणि त्याची धार वाहतुकीच्या खर्चावर अवलंबून आहे. समजा, सिमेंट कारखान्यापर्यंत राख पोचवायला टनाला ६०० रुपये लागतात. तर केंद्र ट्रक लावील. तेच १,४०० लागले, तर भरपाई भरून राख तलावातच ठेवणे त्याला परवडेल. त्यामुळे १,००० हा आकडा साऱ्या देशाला एकच ठेवण्याऐवजी, जवळ सिमेंट कारखाना आणि मोठी बांधकामे नसलेल्या केंद्रांसाठी वाढवायला हवा.