तुमचे मोडी कागद: शनिवार 31 की बुधवार 4, कधी बोलूया?

मधुराताई, नमस्कार,

तुमचा मेल काल रात्री आला, आज सकाळी चारही फोटो मोठे करून नीट बघितले. कागद मोडीतलेच आहेत आणि वाचता येतील असे आहेत, एवढं आधीच सांगून टाकते म्हणजे तुमच्या आणि निखिलच्या जीवाला घोर नको.

पहिल्या कागदावर वरतीच सनाची ओळ आहे, ‘तिसा सबैन मया व अलफ’. नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1179. हा सन मृगाला बदलतो, त्यामुळे कागद मृग ते डिसेंबरमधला असेल तर त्यात 599 मिळवायचे आणि जानेवारीनंतरचा असेल तर 600, म्हणजे तुमचा कागद 1778 चा नाहीतर 1779 चा, अहिल्याबाईंच्या काळातला! दोन्हीतलं नक्की कुठलं ते महिन्यावरून कळेल, पण नेमकी घडी तारखेआधी लिहितात त्या ‘छ’च्या पुढेच पडलीय आणि महिन्याचं नाव तिच्या सावलीत गेलंय. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचंय, तुम्ही कागद हातात धरून थोडा तिरका केलात तरी कदाचित ते अक्षर दिसेल.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला वीकेंड नाहीतर ऑफिसच्या आधी जमेल आणि निखिललाही लंडनहून यायचंय, तर तिघांचं बघून दोन वेळा काढल्यात:

पहिली: शनिवार 31 ऑक्टोबर
न्यू जर्सी सकाळी 9:00, लंडन दुपारी 1:00, इंदूर संध्याकाळी 6:30

दुसरी: बुधवार 4 नोव्हेंबर
न्यू जर्सी सकाळी 7:00, लंडन दुपारी 12:00, इंदूर संध्याकाळी 5:30

दोन्ही वेळा तिन्हीकडे तारीख तीच राहते, कुणाला मध्यरात्री उठायचं नाहीये. एक मात्र बघा, तुमच्याकडे 1 नोव्हेंबरच्या पहाटे घड्याळ एक तास मागे जाईल, त्यामुळे शनिवारी आपल्यात साडेनऊ तासांचा फरक आहे आणि बुधवारी साडेदहाचा. वरच्या वेळा तो हिशोब धरूनच लिहिल्यात, तुम्ही परत तास वजा करू नका. लंडनचं घड्याळ कालच मागे गेलं, म्हणून निखिलसाठी दोन्ही दिवशी साडेपाच तासच धरायचे.

मला विचाराल तर शनिवार बरा. माझा मोडीचा वर्ग साडेपाचला सुटतो, मग मी मोकळी असते, आणि 45 मिनिटांची भेट दीड तास चालली तरी घाई नाही. बुधवारी तुम्हाला पुढे ऑफिस आणि निखिलची जेवणाची सुट्टी, म्हणजे वेळेत आटपावं लागेल. चालेल तेही, फक्त त्याच्या पुढे ढकलू नका कारण शुक्रवारी 6 तारखेला धनत्रयोदशी, मग दिवाळीत घरी पाहुणे, मला निवांत बसणं व्हायचं नाही.

जी वेळ ठरेल ती इथे बुक करा:

`https://modivachan.example/bhet-45`

लिंकवर आत्ता याच दोन वेळा उघड्या आहेत आणि गुरुवार 29 च्या माझ्या रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही. पान उघडलं की वेळ आपोआप तुमच्या गावची दिसेल, तरी वरती न्यू जर्सीचीच वेळ आलीय ना ते एकदा बघून घ्या. दोघांपैकी एकानेच बुक करा आणि दुसऱ्याचा मेल पाहुणा म्हणून टाका, व्हिडिओची लिंक दोघांना जाईल. आणि बुकिंग करायचा कंटाळा आला तर या मेलला नुसतं ‘शनिवार’ किंवा ‘बुधवार’ एवढं उत्तर द्या, मी बसवून टाकते. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत, कागद किती आहेत आणि काय निघू शकतं हे बघून मग पुढचं ठरवू.

तोवर एकच काम करा. पहिल्या कागदाचा वरचा चतकोर भाग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, परत काढून पाठवा. घडी हाताने दाबून सपाट करू नका, इतक्या वर्षांचा कागद तिथेच तुटतो. आणि फाटलंय म्हणून चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन कृपा करून अजिबात नको, जसा आजोबांच्या ट्रंकेत होता तसाच राहू द्या.

वाट बघतेय,
वैशाली
लोकमान्यनगर, इंदूर