संख्यांचे उपसर्ग : शब्दसंग्रह टिपण, इयत्ता नववी (सेमी इंग्रजी)

मुलांनो, गेल्या चाचणीत ‘बायलिंग्वल’ हा शब्द बऱ्याच जणांनी कोरा सोडला. बायसिकल मात्र सगळ्यांना येते! दोन्हींतला ‘बाय’ एकच, लॅटिनमधला दोन. दोन चाकांची बायसिकल, दोन भाषा येणारा बायलिंग्वल, दोन डोळ्यांना लावायची बायनॉक्युलर. ग्रीकमधला दोन म्हणजे ‘डाय’ : कार्बन डायऑक्साइड, डायोड.

एकासाठी लॅटिन ‘युनि’ : युनिफॉर्म, युनियन, युनिक. ग्रीक ‘मोनो’ : मोनोरेल, मोनोपॉली, मोनोलॉग.

पुढचं पाठ करण्याआधी आपल्या नाशिकची नावं आठवा. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. ग्रीक आणि लॅटिन, दोन्हींत तीन ‘ट्राय’च : ट्रायसिकल, ट्रायअँगल, ट्रायपॉड आणि ट्रायडंट, म्हणजे त्रिशूळ. चारसाठी क्वाड्रिलॅटरल, क्वार्टर. ग्रीकमध्ये टेट्रा, मरीन ड्राइव्हच्या समुद्रकडेचे चार पायांचे टेट्रापॉड. पंचवटीच्या पाच वडांजवळ ‘पेंटा’ ठेवा : पेंटागॉन, पेंटॅथलॉन. सप्तशृंगीच्या सप्तजवळ लॅटिन ‘सेप्टेम’ आणि ग्रीक ‘हेप्टा’ : हेप्टागॉन, हेप्टॅथलॉन.

हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच भाषाकुळातल्या. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स’चा बहुधा ‘ह’ झाला, म्हणून सप्तचं हेप्टा. अर्ध्यासाठी लॅटिन ‘सेमी’, ग्रीक ‘हेमी’ : सेमीसर्कल, सेमीफायनल, हेमिस्फिअर. तुमच्या सेमी इंग्रजीतला सेमी तोच. सहासाठीही तसंच, लॅटिनमधून सेक्स्टंट आणि ग्रीकमधून हेक्सागॉन.

सप्टेंबर नववा महिना, मग नावात सात कसे? रोमचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्चपासून बोटांवर मोजा : सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. अष्ट, नव, दश कानाला लगेच ऐकू येतील. आठाचे आणखी शब्द : ऑक्टोपस, ऑक्टागॉन, ऑक्टेव्ह. दहाचे : डिकेड, डेकॅथलॉन, डेसिमल. डेकोरेशनमध्ये मात्र दहा नाहीत. उरलेला शब्द अर्थाला जुळतो का, हे प्रत्येक वेळी बघा.

शंभरासाठी लॅटिन ‘सेंटम’ : सेंच्युरी, पर्सेंट, सेंटिपीड, म्हणजे गोम. तिच्या पायांच्या जोड्या विषम असतात, म्हणून बरोबर शंभर पाय भरत नाहीत. हजारासाठी ‘मिले’ : मिलेनियम, मिलिमीटर.

मापांत सर्वांत जास्त गुण जातात, म्हणून हे नीट बघा. मेट्रिक मापांत लॅटिन उपसर्ग तुकडे करतो : सेंटि म्हणजे शंभरावा भाग, मिलि म्हणजे हजारावा. ग्रीक उपसर्ग पट वाढवतो : हेक्टो शंभर पट, किलो हजार पट. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांनी सातबारा काढून बघावा. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर जवळजवळ एक गुंठा.

शनिवारी येताना प्रत्येकाने टिपणात नसलेले पाच शब्द आणावेत, उपसर्ग सुटा करून आणि उरलेल्या भागाचा अर्थ लिहून. ट्रिपल, युनिव्हर्स, ट्रायो चालतील. ‘अनइंटरेस्टिंग’ युनिमध्ये घालू नका, तिथे ‘अन’ म्हणजे नाही.