लासलगाव कांदा बाजारभाव आणि आवक: रोजचे आकडे, 2015 ते 2023 (जि. नाशिक)

लासलगाव बाजार समितीतल्या कांद्याच्या लिलावाचे रोजचे आकडे एकाच सीएसव्ही फाइलमध्ये. एक ओळ म्हणजे एका दिवसाचा एका प्रकारचा कांदा (लाल किंवा उन्हाळ), त्यापुढे आवक क्विंटलमध्ये आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर रुपये प्रति क्विंटल. किलोचा भाव हवा असेल तर 100 ने भागा.

कॉलम असे आहेत:

```
tarikh,prakar,avak,kiman,kamal,sarvasadharan
```

लिलाव बंद असलेल्या दिवसांच्या ओळीच नाहीत, रविवार, सण, संप, सगळं त्यात आलं, त्यामुळे गॅप दिसला म्हणून तिथे शून्य भरू नका प्लीज, सरासरी पार बिघडते. सर्वसाधारण दर म्हणजे किमान-कमालची सरासरी नाही, ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो भाव, आणि अभ्यासाला खरा उपयोगाचा कॉलम हाच. आकडे त्या त्या वर्षीच्या रुपयांत आहेत, महागाईचा हिशोब धरलेला नाही.

सप्टेंबर 2019 आणि सप्टेंबर 2020 ची निर्यातबंदी, ऑगस्ट 2023 चं 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर 2023 ची बंदी, या तारखांच्या आधीचे-नंतरचे आठवडे नक्की लावून बघा, शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय पडलं हे कळायला यापेक्षा सरळ रस्ता नाही. बाकी हे घाऊक भाव आहेत, पुण्या-मुंबईतल्या किरकोळ भावाशी थेट तुलना करू नका.

शोधशब्द: कांदा, लासलगाव, निफाड, बाजार समिती, आवक, शेतमाल भाव, निर्यातबंदी