विषय: भूमिती सराव प्रश्नपत्रिका ३, प्र. ३ (ब) मधील उपप्रश्न ४ – आकृती वाचता येत नसल्याबाबत

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मी मृण्मयी, दहावी ब, हजेरी क्रमांक ३१. रविवारी संध्याकाळी मेल करते आहे, त्याबद्दल माफ करा. "अडलं तर मला मेल करा, ग्रुपवर उत्तरं फिरवू नका," असं तुम्ही शनिवारी सांगितलं होतं, म्हणून लिहायचं धाडस केलं.

शनिवारी वाटलेल्या तिसऱ्या सराव प्रश्नपत्रिकेतल्या प्र. ३ (ब) मधला चौथा उपप्रश्न अडला आहे. प्रश्न वाचता येतो: 'सोबतच्या आकृतीत केंद्र O असलेल्या वर्तुळाला बाह्यबिंदू P मधून काढलेल्या स्पर्शिका वर्तुळाला A आणि B मध्ये स्पर्श करतात. C हा वर्तुळावरील बिंदू आहे. आकृतीत दिलेल्या मापावरून ∠APB आणि ∠ACB काढा.' म्हणजे माप फक्त आकृतीतच आहे, आणि माझ्या प्रतीत आकृती नेमकी तिथेच गेली आहे. पानाच्या वरपासून खालपर्यंत झेरॉक्सचा एक काळा पट्टा आला आहे, तो बरोबर A वरून जातो. कोनाची छोटी कमान आणि तिच्यातला आकडा दोन्ही त्या पट्ट्याखाली आहेत.

आजोबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मी ते पान ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. एककाचा आकडा ५ आहे, हे नक्की. त्याच्या आधीचा आकडा २, ३ किंवा ६ यांपैकी काहीही असू शकेल. वरची गोलाई दिसते, मधली गाठ आहे की नाही ते कळत नाही, आणि तो उजवीकडे उघडा आहे की डावीकडे हेही सांगता येत नाही. सायली वडगावला राहते, मी धायरीला, म्हणून दुपारी सायकलने तिच्याकडे जाऊन तिची प्रत पाहून आले. तिच्याही पानावर तोच पट्टा आहे, फक्त जरा फिकट. तिला आकडा ३५ वाटतो, मला खात्री वाटत नाही. दोन्ही प्रतींचे दिवसाउजेडी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

बाई, मला उत्तर नको आहे. माझ्याकडून जेवढं झालं तेवढं करून मग विचारते आहे. गोंधळ नुसता आकड्याचा असता तर मी आकड्याऐवजी x घेऊन सोडवलं असतं. पण कमान A जवळ आहे आणि तिथे दोन कोन शेजारी शेजारी आहेत, ∠OAB आणि ∠PAB. माप कोणत्या कोनाचं आहे, तेच कळत नाही.

माप ∠OAB चं, म्हणजे x असेल, तर OA = OB म्हणून ∠OBA पण x, आणि ∠AOB = १८०° − २x. चौकोन OAPB मध्ये A आणि B जवळचे कोन स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाने काटकोन आहेत, म्हणून ∠APB = २x. C विशालकंसावर धरला तर आंतरलिखित कोनाच्या प्रमेयाने ∠ACB = ९०° − x.

माप ∠PAB चं असेल, तर PA = PB म्हणून ∠APB = १८०° − २x, आणि स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाने ∠ACB = x.

मग मी तिन्ही आकडे दोन्हीकडे घालून पाहिले. ३५° हा ∠OAB असेल तर ∠APB = ७०° आणि ∠ACB = ५५°. तोच ∠PAB असेल तर ११०° आणि ३५°. इथवर दोन वेगळी उत्तरं आली. पण २५° आणि ६५° घेतल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि खूप आवडली. ∠OAB = २५° घेतला काय किंवा ∠PAB = ६५° घेतला काय, उत्तर एकच येतं: ∠APB = ५०° आणि ∠ACB = ६५°. उलट घेतलं तर दोन्ही वेळा १३०° आणि २५°. आधी वाटलं बेरीज चुकली. मग लक्षात आलं, ∠OAP काटकोन आहे आणि २५ नि ६५ मिळून ९०, म्हणजे ती एकच आकृती दोन बाजूंनी पाहिल्यासारखी आहे. त्यामुळे सहा शक्यता दिसतात, पण उत्तरांच्या जोड्या चारच होतात. हे बरोबर आहे ना, तेवढं सांगाल का?

आकृतीवर कोनमापक ठेवायचा मोह झाला होता. पण आकृती प्रमाणात असेलच असं नाही, हे तुम्ही नेहमी बजावता, आणि झेरॉक्समध्ये वर्तुळ थोडं चपटं झालेलंही दिसतं. म्हणून मोजलं नाही.

आणखी एक शंका C बद्दल आहे. प्रश्नात तो नुसता 'वर्तुळावरील बिंदू' आहे. माझ्या प्रतीत C हे अक्षर वर्तुळाच्या आतच डागासारखं उमटलं आहे, रेषा कुठे मिळतात ते दिसत नाही. मी त्याला विशालकंसावर धरलं. तो P च्या बाजूच्या लघुकंसावर असेल तर चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाने ∠ACB साठी १८०° मधून वजाबाकी करावी लागेल, म्हणजे ५५° च्या जागी १२५°.

तर बाई, मूळ प्रतीत पाहून मला एवढंच कळवाल का: आकडा कोणता आहे, तो ∠OAB चा की ∠PAB चा, आणि C कोणत्या कंसावर आहे? 'कोणतेही दोन' सोडवायचे आहेत, हे मला माहीत आहे आणि बाकीचे तिन्ही मी सोडवले आहेत. तरी हा सोडून द्यावासा वाटत नाही, कारण वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिकांच्या गणितांतच माझे मार्क जातात, आणि या एका गणितात चार प्रमेयं एकत्र आली आहेत.

अजून एक विचारायचं होतं. बोर्डाच्या पेपरात आकृती अशी पुसट आली तर काय करायचं? पर्यवेक्षकांना लगेच सांगायचं, की आपण काय गृहीत धरलं ते लिहून पुढे सोडवायचं? सायलीने आणि मी यावर बराच वेळ घातला, आमचं एकमत झालं नाही.

वह्या मंगळवारी जमा करायच्या आहेत. उत्तर द्यायला सवड झाली नाही तरी चालेल, मी मंगळवारी शाळा भरण्याआधी वीस मिनिटं लवकर येऊन शिक्षक खोलीबाहेर थांबेन. तोवर वहीत या प्रश्नासाठी एक पान कोरं ठेवलं आहे. माप कळलं की स्वच्छ आकृती काढून ती वर्गासाठीही देईन, कारण आमच्या रांगेतल्या आणखी तिघींनी हाच प्रश्न विचारला आहे.

आपली विद्यार्थिनी,
मृण्मयी
दहावी ब, हजेरी क्रमांक ३१

सोबत: दोन फोटो (माझी प्रत आणि सायलीची प्रत)