तिकीट बॅकलॉग आणि प्रतिसाद वेळ: मंगळवार, 19 ऑगस्ट 2025

सर्व टीम लीडना नमस्कार,

काल सकाळी 8 ते आज सकाळी 8 या वेळेतला हा आढावा. मुंबईतल्या पावसाने गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं आणि त्यात गणपतीच्या कोकण बुकिंगची भर पडली, त्यामुळे बॅकलॉग 412 वरून 552 वर गेला आहे. नवीन तिकिटं 638 आली, 23 पुन्हा उघडली, 521 बंद झाली.

रांगेप्रमाणे शिल्लक (कंसात काल सकाळचा आकडा):
रिफंड: 287 (171)
बुकिंग आणि बोर्डिंग: 168 (143)
अ‍ॅप आणि लॉगिन: 61 (58)
ऑपरेटरविरुद्ध तक्रारी: 36 (40)

शिल्लक 552 पैकी 391 तिकिटं 24 तासांच्या आतली आहेत. 72 तास उलटलेली 19 असून त्यातली 14 रिफंडची आहेत.

पहिल्या उत्तराचा मध्यक 47 मिनिटं आहे, परवा तो 31 होता. दोन तासांचं उद्दिष्ट 638 पैकी 440 तिकिटांना गाठता आलं, म्हणजे 69 टक्के. मात्र मध्यकावर समाधान मानू नका. ज्यांना अजून उत्तरच गेलेलं नाही अशी 57 तिकिटं त्या हिशोबात धरलेलीच नाहीत आणि त्यातली 41 रात्री 9 ते 12 मध्ये आलेली आहेत.

त्यातल्या बहुतेकांची गाडी त्याच रात्रीची होती. तिकीट 48213 सगळ्यांनी उघडून वाचा. चिपळूणला निघालेल्या प्रवाशाने 10:35 ला विचारलं, 'सायनला उभी आहे, गाडी इथे येणार की वाशीला जायचं?' ऑपरेटरने थांबा बदलल्याची नोंद आपल्याकडे 9:50 लाच आली होती. आपलं उत्तर गेलं 2:10 ला, तेव्हा गाडी केव्हाच पुढे गेली होती. या बाईंना रिफंड मिळेलच, पण भर पावसात लहान मुलाला घेऊन सायनला ताटकळणाऱ्या बाईंना त्या वेळी एका ओळीचं उत्तर हवं होतं. अशा तिकिटाला दोन तासांचं उद्दिष्ट लावण्यात काही अर्थ नाही. गाडी सुटायला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर 15 मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे.

म्हणून आज रात्रीपासून 26 तारखेपर्यंत अ‍ॅप टीममधले दोघे रात्री 9 ते 1 बोर्डिंगच्या रांगेवर द्यावेत. अ‍ॅपची रांग जवळपास स्थिर आहे, त्यांना हे जमेल. बुकिंग लीडनी आजच त्या रांगेची क्रमवारी आलेल्या वेळेऐवजी गाडी सुटण्याच्या वेळेवर लावावी. शुक्रवार 22 पासून कोकणच्या गाड्यांची खरी गर्दी सुरू होईल.

रिफंड टीमसाठी दोन गोष्टी. पैसे कापले गेले पण बुकिंग झालं नाही अशा यूपीआय तक्रारींना रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या तारखेपासून 5 दिवसांची मुदत आहे, आणि ती कॅलेंडरच्या दिवसांत मोजतात. त्यात 15 ऑगस्टची सुट्टी आणि रविवार वजा होत नाहीत. मुदत टळली तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी. जुन्या 14 मध्ये अशी 6 आहेत. दोन 14 तारखेची, त्यांची मुदत आज संपते. चार 15 तारखेची, त्यांची उद्या संपते. सहाही प्रकरणं आरआरएन क्रमांकासह दुपारी 12 पूर्वी पेमेंट गेटवेकडे फोन करून मांडा, नुसता मेल पाठवून थांबू नका.

दुसरी गोष्ट पुन्हा उघडलेल्या तिकिटांची. 23 पैकी 16 तिकिटं 'रिफंड सुरू केला आहे' हा तयार मजकूर टाकून लगेच बंद केलेली होती. त्यात ना रक्कम, ना तारीख, मग ग्राहक पुन्हा लिहिणारच. आजपासून या मजकुरात रक्कम, कोणत्या खात्यात जाणार आणि कधीपर्यंत हे तिन्ही लिहा. एकाच पीएनआरवर दोन-तीन तिकिटं असलेली प्रकरणंही बरीच दिसतात. ती आधी एकत्र करा, रांग तिथेच हलकी होईल.

'Pending' मध्ये 66 तिकिटं आहेत. त्यातली 29 ग्राहकासाठी नाही, तर आपल्याच दुसऱ्या टीमच्या उत्तरासाठी अडली आहेत. Pending मध्ये घड्याळ थांबतं, त्यामुळे आपला आकडा चांगला दिसतो आणि माणूस मात्र वाट पाहत राहतो. ही 29 तिकिटं कृपया संध्याकाळी 5 पर्यंत 'Open' मध्ये परत आणा. उद्या बॅकलॉग तेवढ्याने फुगलेला दिसेल, त्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही.

ऑपरेटर तक्रारींची टीम एवढ्या गर्दीतही 40 वरून 36 वर आली. त्यांनी ऑपरेटरांना थेट फोन लावून तक्रारी मिटवल्या, त्यांचे मनापासून आभार.

आज रात्री 11 वाजता फक्त बोर्डिंगच्या रांगेचे आकडे लीड ग्रुपवर टाकते. 15 मिनिटांच्या पुढे गेलेलं तिकीट दिसलं की त्या लीडना थेट फोन करेन, तेव्हा फोन सायलेंटवर ठेवू नका.

सपोर्ट ऑपरेशन्स डेस्क, पुणे