चार हुतात्म्यांच्या भागातली एक दुरुस्ती

नमस्कार मंडळी. आजचा विषय डॉक्टर कोटणीस. पण त्याआधी मागच्या भागातली एक चूक दुरुस्त करायची आहे. सुरुवातीलाच सांगतोय, कारण शेवटपर्यंत सगळेच ऐकतात असं नाही.

मागचा भाग १९३० सालच्या सोलापूरवर होता. त्यात साधारण एकोणिसाव्या मिनिटाला मी म्हणालो की मार्शल लॉ चालू असतानाच, मे महिन्यात, सोलापूरच्याच जेलमध्ये चार हुतात्म्यांना फाशी दिली. हे चूक आहे. तारीखही चुकली आणि जागाही.

बरोबर असं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात. परत एकदा सांगतो, कुणाला लिहून घ्यायचं असेल तर: १२ जानेवारी १९३१, येरवडा.

चूक झाली कशी, तेही सांगतो. माझ्या वहीत एकाच पानावर दोन ओळी आहेत. वरची ‘१२ मे, मार्शल लॉ लागू’. खालची नुसती ‘१२, फाशी’. महिना लिहायचा राहिला होता. बोलताना मी दोन्ही बारा एकाच महिन्यातले धरले, आणि मे महिना म्हटल्यावर जागा सोलापूरच असणार असं गृहीत धरलं. पुस्तक उघडून बघितलं नाही.

खरं तर मला तिथंच अडखळायला हवं होतं. चार पुतळ्यांपाशी हार घालतात ते जानेवारीत, गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते तेव्हा. लहानपणापासून बघतोय मी ते.

आता यातली जास्त महत्त्वाची गोष्ट. तारखेच्या चुकीवर मी पुढं एक चित्र उभं केलं होतं. ‘जेलच्या भिंतीबाहेर अख्खं सोलापूर उभं होतं’ असं मी म्हणालो. बऱ्याच जणांनी तेच वाक्य आवडल्याचं कळवलं. ते वाक्य मी मागं घेतो. ही फाशी सोलापुरात झालीच नाही, अडीचशे किलोमीटर लांब झाली. सोलापूर त्या भिंतीबाहेर उभं नव्हतं.

आणि ‘चार दिवसांत सगळं उरकलं’ असंही म्हणालो होतो. तेही बरोबर नाही. मार्शल लॉ ३० जूनला उठला. त्यानंतर सहा महिन्यांहून जास्त काळ गेला आणि मग फाशी झाली. म्हणजे ही रागाच्या भरात, गोंधळात दिलेली शिक्षा नव्हती. शहर शांत झालं होतं, विचार करायला सरकारकडं भरपूर वेळ होता, आणि तरीही त्यांनी ती अमलात आणली. माझ्या चुकीमुळं नेमकं हेच झाकलं गेलं होतं, आणि मला वाटतं, चौघांची गोष्ट समजून घ्यायची तर हे कळायलाच हवं.

त्या भागातलं बाकीचं पुन्हा तपासलं. ६ एप्रिलला नगरपालिकेवर फडकवलेला राष्ट्रध्वज, १२ मेला लागलेला मार्शल लॉ, गांधी टोपीवरची बंदी, हे सगळं बरोबर आहे. त्यात बदल नाही.

ही चूक एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दाखवली. त्यांचा आवाजी निरोप आला, ‘बाळा, जेल आपलं नव्हे, येरवड्याचं. पोरं ऐकतात तुझं, नीट सांग.’ बाई, मनापासून आभार. आणखी एका ताईंनी कळवलंय की त्यांच्या मुलीनं आमचा भाग ऐकून शाळेच्या भाषणात ‘सोलापूरच्या जेलमध्ये’ असं लिहिलंय. ताई, भाषण अजून व्हायचं असेल तर ती ओळ आजच बदलून घ्या. झालं असेल तर तिच्या वर्गशिक्षकांना हा भाग ऐकवा. चूक तिची नाही, माझी आहे.

जुना भाग आम्ही काढून टाकलेला नाही. एकोणिसाव्या मिनिटाला चुकीच्या वाक्याआधी माझ्याच आवाजात दुरुस्ती घातली आहे, आणि भागाच्या माहितीत पहिल्याच ओळीत काय चुकलं होतं ते लिहिलं आहे. ज्यांनी आधी ऐकलं आणि पुढं कुणाला पाठवलं, त्यांनी हाही भाग पाठवावा, एवढी विनंती.

इथून पुढं तारीख आणि जागा आली की मी वहीतून नाही, समोर पुस्तक उघडं ठेवून वाचणार आहे. आजही ठेवलंय.

तर, डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, आपल्या सोलापुरात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं, त्यातले ते एक. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तावीस. तिथूनच सुरुवात करू या.