माझ्या घराचं झाड (इयत्ता दुसरी)

पोरांनो, आज वही नको, एक मोठा कागद आणि स्केचपेन घ्या. आपण आपापल्या घराचं झाड काढणार आहोत. कोणाचं मोठं होईल, कोणाचं लहान, दोन्ही पूर्णच, म्हणून शेजारच्याचं बघून फांद्या वाढवायच्या नाहीत.

मधोमध स्वतःचं नाव लिहा. मग सकाळी तुम्हाला कोण उठवतं, डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री उशाशी कोण बसतं, त्यांची नावं तुमच्या अगदी जवळ लिहा.

आता दोन घरं बघू.

दक्ष अमळनेरजवळ खेड्यावर राहतो. घरात 13 माणसं! आजी-आजोबा, आई-पप्पा, मोठे काका-काकू, लहान काका-काकू आणि पोरं पाच. मोठ्या काकांना सगळं गाव जिभाऊ म्हणतं म्हणून दक्षपण जिभाऊच म्हणतो. काकांची मुलं म्हणजे दक्षचे चुलत भाऊ-बहीण. पप्पांची बहीण आत्या, दक्ष तिला फुई म्हणतो, ती आखाजीला माहेरी आली की निंबाला झोका बांधतात आणि आतेभाऊ, चुलतभाऊ सगळे नंबर लावून उभे राहतात.

स्वरा धुळ्याला राहते, घरात ती आणि तिची आई. आई एसटीत कंडक्टर आहे, तिची ड्युटी लांबली की स्वराला शाळेतून मामा नेतो आणि मामी गरम कळण्याची भाकर देते. मामाची मुलगी ती स्वराची मामेबहीण, नंदुरबारच्या मावशीचा मुलगा तो मावसभाऊ. स्वराच्या झाडावर खाली मुळाशी आजी, म्हणजे आईची आई, वर आई, मग स्वरा, आणि बाजूच्या फांद्यांवर मामा, मावशी. एकही चौकट रिकामी नाही, कारण आपण आधी माणसाचं नाव लिहितो आणि मगच चौकट काढतो.

कोणाची आई किंवा पप्पा वारले असतील, कोणाचे वेगळे राहत असतील, कोणाचे कामाला सुरतला असतील. त्यांचं नाव लिहावंसं वाटलं तर लिहा, नसेल वाटत तर नका लिहू. मी कारण विचारणार नाही आणि वर्गातपण कोणी कोणाला विचारायचं नाही. आजी-आजोबांनी सांभाळलं असेल तर तेच सगळ्यात जवळ लिहा. सख्खं नातं नसलेली पण रोज जीव लावणारी शेजारची काकू लिहिली तरी मला चालेल, छान वाटेल उलट.

आता तोंडी सांगा बरं:
आईचा भाऊ कोण? त्याची बायको कोण?
दक्षची फुई कोणाची बहीण आहे?
मावशीची मुलगी तुमची कोण?

घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्यांच्या आईचं नाव विचारा आणि झाडाच्या मुळाशी लिहून आणा. उद्या ज्याला आपलं झाड दाखवायचंय तो दाखवेल, बाकीच्यांनी दप्तरातच ठेवलं तरी चालेल.